सहा बोटांची वंशावळ : पिढी गाळली म्हणजे रिसेसिव्हच का?

अबोली_फोंडा

मुलगी बारावीत आहे, जीवशास्त्राला घरातल्या एखाद्या आनुवंशिक लक्षणाचा पेडिग्री चार्ट करायचा होता. आमच्या सासरी विषय तयारच होता, करंगळीशेजारचं सहावं बोट. तिने फोनाफोनी करून तक्ता काढला आणि खाली लिहिलं, "लक्षण प्रभावी, म्हणजे डॉमिनंट असावं." शिक्षकांनी लाल पेनने खोडून लिहिलं, "पिढी गाळली आहे, म्हणून रिसेसिव्ह." पोरगी दोन दिवस फुरंगटून बसली आहे.

तक्ता इथे देते. चौकोन पुरुष, गोल बाई, भरलेला म्हणजे सहा बोटं. नाती माझ्या बाजूने लिहिली आहेत, फक्त पणजोबा-पणजी मुलीचे.

पिढी १: पणजोबा ■ — पणजी ○
पिढी २: सासरे □ — सासूबाई ○ / आत्या ○ — तिचे यजमान □ / धाकटे काका ■ — काकू ○
पिढी ३: सासऱ्यांची मुलं: माझा नवरा □, नणंद ● / आत्याची: मुलगा □, मुलगी ● / काकांची: मुलगा ■, मुलगी ○, मुलगा □
पिढी ४: नणंदेचा एकुलता मुलगा ■ / आमची एकुलती मुलगी ○

सासऱ्यांना नाही, पण त्यांच्या मुलीला आहे. आत्याला नाही, पण तिच्या मुलीला आहे. मग शिक्षकांचंच बरोबर का?

साखळीकर

शिक्षक बरोबर आहेत. आम्हीही हेच शिकलो. डॉमिनंट असेल तर प्रत्येक पिढीत दिसतं, रिसेसिव्ह लपून बसतं आणि नातवंडांत वर येतं. इथे दोन ठिकाणी लपलंय. शिवाय डॉमिनंट असतं तर आतापर्यंत अर्ध्या फोंड्याला सहा बोटं झाली असती की!

महाजन_काका

अबोलीताई, वंशावळ हवी असेल तर फोनाफोनी कशाला? तुमच्या कुलदेवतेच्या देवस्थानात महाजनांची यादी असते, तिथे सात-आठ पिढ्या सहज मिळतील. शिवाय घरात जुनी इन्व्हेंटारची कागदपत्रं असली तर वारसांची नावं ओळीने लिहिलेली असतात. आमच्या घराण्याचा कुलवृत्तांत मी स्वतः केला आहे. अकरा पिढ्या.

अबोली_फोंडा

काका, नावं आहेत हो आमच्याकडे. बोटं मोजायची आहेत. 😀

गुरुदास_डिचोली

बावीस वर्षं हाच विषय शिकवला, आता निवृत्त. थोडं सविस्तर लिहितो.

आधी साखळीकरांचं शेवटचं वाक्य. डॉमिनंट म्हणजे "पसरणारं" नव्हे. जनुकाची एकच प्रत असली तरी लक्षण दिसतं, डॉमिनंटचा अर्थ एवढाच. बाळाला ती प्रत मिळणार की नाही, हा दर वेळी नाणं उडवण्याचा प्रकार. घराण्यात प्रत दुर्मीळ असेल तर लक्षणही दुर्मीळच राहतं. उलट रिसेसिव्ह लक्षण गावात सर्रास दिसू शकतं.

आता पिढी गाळण्याचं. साखळीकर म्हणतात तो नियम निम्मा खरा आहे. लक्षण नसलेल्या दोघांना लक्षण असलेलं मूल झालं की पहिला संशय रिसेसिव्हवर घ्यायचा, हे बरोबर. पण तो संशय असतो, निकाल नव्हे. काही डॉमिनंट लक्षणं जनुक असूनही अंगावर उमटत नाहीत, आणि सहावं बोट त्यातलंच आहे. त्यामुळे नेमक्या याच लक्षणात "गाळलेली पिढी" हा पुरावा लंगडा पडतो.

मग ठरवायचं कसं? मी मुलांना सांगायचो, घरातल्या माणसांकडे नंतर बघा, आधी बाहेरून लग्न करून आलेल्यांकडे बघा. रिसेसिव्ह असेल तर सहा बोटांच्या मुलाला दोन्हीकडून एकेक प्रत यायला हवी. म्हणजे तुमच्या तक्त्यात कुणाकुणाकडे ती प्रत लपलेली असायला हवी? धाकट्या काकांना बोट आहे, म्हणून पणजीकडे. नणंदेसाठी सासूबाईंकडे. आत्याच्या मुलीसाठी तिच्या यजमानांकडे. काकांच्या मुलासाठी काकूंकडे. नणंदेच्या मुलासाठी नणंदेच्या नवऱ्याकडे. झाले पाच जण, पाच घरांतून आलेले, आणि पाचही जण नेमके वाहक.

समजा समाजात वीस माणसांत एक वाहक आहे. हा आकडा मी रिसेसिव्हच्या बाजूने सढळ हाताने धरतोय. तर पाचही जण योगायोगाने वाहक असण्याची शक्यता 20 चा पाच वेळा गुणाकार करून येते, 32 लाखांत एक. डॉमिनंट मानलं तर काय समजावं लागतं? फक्त दोन माणसांकडे, सासऱ्यांकडे आणि आत्याकडे, जनुक असून बोट उगवलं नाही. पाचांत एकदा असं होतं म्हणा, तर दोनदा होण्याची शक्यता पंचवीसांत एक. हिशेब ओबडधोबड आहे, मुलांना जनुक मिळण्या-न मिळण्याची नाणी मी मोजलेली नाहीत. पण पंचवीस आणि बत्तीस लाख यांत बरंच अंतर आहे.

एक प्रश्न. सगळ्यांना बोट करंगळीच्याच बाजूला आहे ना? कुणाला अंगठ्याकडे असेल तर ती वेगळी गोष्ट, त्याला याच तक्त्यात रंगवू नका.

अबोली_फोंडा

सगळ्यांना करंगळीकडेच, सर. पण पाच घरांतून पाच जण, हे जरा चुकलं. सासूबाई सासऱ्यांची सख्खी मामेबहीण. पणजीच्या सख्ख्या भावाची मुलगी. मुलीने तक्त्यात एकच रेघ काढली होती, मीही तशीच उतरवली.

साखळीकर

मग झालं की! नात्यात लग्न म्हणजे रिसेसिव्ह. पुस्तकात दुहेरी रेघ दिसली की उत्तर ठरलेलं.

गुरुदास_डिचोली

अबोलीताई, हे सांगितलंत ते फार बरं केलंत. तिथे दुहेरी रेघ काढा. तिने हिशेब खरोखर बदलतो.

पणजी वाहक मानली तर तिच्या भावाकडे तीच प्रत असण्याची शक्यता अर्धी, आणि त्याच्याकडून मुलीकडे येण्याची पुन्हा अर्धी. म्हणजे सासूबाईंसाठी विसांत एक धरून चालणार नाही, चारांत एक धरावी लागेल. गुणाकार आता 20 चार वेळा आणि 4 एकदा. 6 लाख 40 हजारांत एक. बत्तीस लाखांवरून खाली आलो, तरी पंचविसाच्या आसपासही नाही.

साखळीकर, दुहेरी रेघ म्हणजे रिसेसिव्हला वाव आहे, एवढंच. तुमच्या तक्त्यात फक्त सासरे, सासूबाई आणि नणंद असती, तर मीही रिसेसिव्हच म्हटलं असतं. इथे पारडं फिरवलं ते उरलेल्या चार परक्या जोडीदारांनी.

हा हिशेब जुना आहे बरं. मेंडेलच्या शंभरएक वर्षं आधी, 1752 च्या सुमारास, मोपेर्त्युई नावाच्या फ्रेंच गणितज्ञाने बर्लिनच्या एका सर्जनचं सहा बोटांचं घराणं तपासलं. सर्जनला ती आईकडून आली, आईला तिच्या आईकडून. त्याने विचार केला, एक लाखाच्या शहरात मला असे दोन दिसले, तीन नजरेतून सुटले म्हणू, म्हणजे वीस हजारांत एक. मग लागोपाठ तीन पिढ्यांत हे निव्वळ योगायोगाने येणं म्हणजे 20,000 चा तीन वेळा गुणाकार, 8 लाख कोटींत एक. जनुक हा शब्दही नव्हता तेव्हा, पण योगायोग कुठे महाग पडतो ते त्याला कळलं होतं.

पेडण्याचो_भुरगो

सर, एक शंका. एक्स गुणसूत्रावरचं असेल तर? बायांना नाही आणि मुलांना आहे असं काही?

गुरुदास_डिचोली

नाही. पणजोबांकडून धाकट्या काकांकडे, काकांकडून त्यांच्या मुलाकडे गेलंय. बाप मुलाला वाय देतो, एक्स देत नाही. ती वाट बंद.

शेखर_म्हापसा

धागा वाचून विचारतोय, विषय थोडा वेगळा आहे. माझा मोठा भाऊ आणि बहीण जन्मापासून ऐकू शकत नाहीत. मला व्यवस्थित ऐकू येतं. आई-बाबा मामे-आते भावंडं, दोघांनाही नीट ऐकू येतं. मागच्या चार पिढ्यांत कुणी बहिरं नव्हतं, म्हणून घरात सगळे म्हणतात की हे आनुवंशिक नाही, कुणाची तरी नजर लागली. आता माझं लग्न ठरतंय, नात्याबाहेरचं. वरच्या हिशेबाने मला काय समजायचं?

गुरुदास_डिचोली

शेखर, "मागे कुणाला नव्हतं" हा आनुवंशिक नसल्याचा पुरावा नाही. रिसेसिव्ह लक्षण बहुतेकदा असंच दिसतं, एकाच पिढीत, सख्ख्या भावंडांत, वर सगळं कोरं. अबोलीताईंच्या तक्त्यात लक्षण वरून खाली झिरपतं, तुमच्यात आडवं पसरलंय. आई-बाबा एकाच आजोबा-आजीची नातवंडं आहेत, तेव्हा दोघांकडे एकच प्रत पोचली असण्याची शक्यता मोठी.

रिसेसिव्ह धरलं तर तुम्ही वाहक असण्याची शक्यता दोन-तृतीयांश. चार भावंडांच्या आदर्श मांडणीत एकाला दोन प्रती, दोघांना एक, एकाला एकही नाही. तुम्हाला ऐकू येतं म्हणजे पहिला तुम्ही नाही, उरलेल्या तिघांत दोन वाहक. पण मुलाला त्रास व्हायला पत्नीही त्याच जनुकाची वाहक लागेल, आणि तसं असेल तरी दर बाळाला धोका चारांत एक. नात्याबाहेर लग्न केलंत की मधला आकडा एकदम लहान होतो.

सिस्टर_वाळपई

मध्ये बोलते. नर्स आहे, प्रसूतीकडे बरीच वर्षं काढली. शेखर, दोघा भावंडांचं कारण एकच आहे हे आधी नक्की करा. गरोदरपणातला रुबेला, जन्मानंतरची जोराची कावीळ, मेंदूज्वर यानेही ऐकू येणं जातं, आणि ते तक्त्यात रंगवून काही उपयोग नाही. बहिरेपणाला कारण होणारी जनुकंही पुष्कळ आहेत, म्हणून तर दोघं बहिरे नवरा-बायको असूनही सगळी मुलं ऐकणारी निपजतात. फोरमवर नुसते गुणाकार करू नका. भाऊ-बहिणीची जनुकीय तपासणी करून घ्या. त्यात नेमका बदल सापडला तर तुमची आणि होणाऱ्या बायकोची तपासणी सोपी होते.

आणि अबोलीताई, तुमच्यासाठी. सासऱ्यांचे हात तुम्ही स्वतः पाहिलेत का? म्हणजे नीट, करंगळीच्या मुळाशी बाहेरच्या बाजूला?

अबोली_फोंडा

नाही हो. फोनवर विचारलं तर म्हणाले, "माका ना." का?

सिस्टर_वाळपई

करंगळीकडचं बोट पुष्कळदा बोट नसतंच. हाड नसलेला, बारीक देठावर लोंबणारा मांसाचा गोळा असतो. पूर्वी सुईणी बाळंतघरातच त्याला दोरा बांधून टाकायच्या. रक्त तुटलं की काळा पडून आठवड्याभरात गळून जायचा. ज्याचा गळला त्याला आयुष्यभर पत्ता नसतो. पण मुळाशी ज्वारीच्या दाण्याएवढी गाठ किंवा पांढरा व्रण बहुधा राहतो. (आजही काही घरांत दोरा बांधतात. करू नका. आत हाड असलं, रक्त वाहिलं, पू झाला तर बाळाला घेऊन धावत यावं लागतं.)

महाजन_काका

आता माझ्या लक्षात आलं तुम्ही काय शोधताय. मग माझा कुलवृत्तांत तुमच्या काही कामाचा नाही म्हणायचा. त्यात मुली "दिली" एवढंच लिहून संपतात. पुढे त्यांच्या पोटी कोण आलं याची ओळसुद्धा नाही. तान्हेपणी गेलेली मुलं नाहीत. आणि दोन ठिकाणी दत्तक आहेत, तेही बाहेरच्या घरातले, पण तक्त्यात पोटच्या मुलासारखेच बसवलेत.

गुरुदास_डिचोली

काका, तुम्ही एका पोस्टमध्ये माझं एक अख्खं लेक्चर घेतलंत. दत्तकामुळे तर कोऱ्या चौकोनाखाली कोरेच चौकोन येत जातात आणि घराणं "सुटलं" असं वाटतं. लेकींच्या शाखा नसतील तर लक्षण पुरुषांतूनच जातं असा भास होतो. या धाग्यातला निम्मा पुरावा नणंद आणि आत्या यांच्याकडूनच आलाय.

अबोली_फोंडा (बारा दिवसांनी)

चवथीला सगळे मूळ घरी जमलो होतो, म्हणून आधी लिहिलं नाही. माटोळी बांधून झाल्यावर मुलीने सगळ्यांना ओसरीवर बसवलं आणि हात पुढे करायला लावले. धाकटे काका म्हणाले, लसीकरण आहे काय?

सासऱ्यांच्या दोन्ही हातांना, करंगळीच्या मुळाशी बाहेरून, अगदी सिस्टर म्हणाल्या तशी गाठ. डाव्या हाताची नीट दिसते, उजव्या हाताची बोट फिरवल्यावर लागते. पंचाहत्तर वर्षं त्यांना तो मस वाटत होता! पणजीची धाकटी जाऊ अजून आहे, तिला विचारलं तर म्हणाली, "म्हजेच मुखार दोरो बांदिल्लो वयजिणीन." म्हणजे सासरे □ नाहीत, ■ आहेत. एक गाळलेली पिढी गळाली.

साखळीकर

हे भारी आहे. मागे घेतो माझं. पण आत्याचं काय?

अबोली_फोंडा

तिथे घोडं अडलंय. आत्याच्या दोन्ही हातांना काही नाही, गाठ नाही, व्रण नाही. दोरा बांधल्याचंही कुणाला आठवत नाही. मुलीने पायही बघितले. डाव्या पायाची करंगळी इतर बोटांपेक्षा रुंद वाटते, नख मध्ये चिरल्यासारखं आहे. उजवा पाय अगदी साधा. क्षकिरण काढूया म्हटलं तर आत्या म्हणाली, सत्तर वर्षं या पायांनी चालले, आता कशाला.

सिस्टर_वाळपई

रुंद बोटात कधी कधी आतलं हाड दुभंगलेलं असतं, आणि ते क्षकिरणातच कळतं. पण नख चिरलेलं दिसायला साधी जुनी इजाही पुरते. बघून सांगता यायचं नाही.

गुरुदास_डिचोली

तर मुलीला सांगा, आत्याच्या गोलावर प्रश्नचिन्ह टाक. कोरा ठेवू नको, भरू नको. आत्याचं कोडं सुटलं नाही तरी प्रभावी हाच कल राहतो, कारण आता एकाच ठिकाणी न उमटल्याचं मानावं लागतंय.

फक्त "सहा बोटं म्हणजे डॉमिनंट" असं मात्र लिहू देऊ नका. असे काही विकारही आहेत ज्यात सहाव्या बोटाबरोबर रात्रीचं कमी दिसणं, लहानपणापासूनची जाडी, मूत्रपिंडाचा त्रास येतो, आणि ते रिसेसिव्ह असतात. तुमच्याकडे सगळे धडधाकट आहेत आणि नमुना वरून खाली आहे, म्हणून हे उत्तर. उत्तर या घराण्याचं आहे, बोटाचं नाही.

अबोली_फोंडा

शेवटचं एक. नवऱ्याचे हात मी स्वतः तपासले, पायही. स्वच्छ. म्हणजे आमची शाखा सुटली ना?

गुरुदास_डिचोली

जवळजवळ. सासऱ्यांसारख्या बापाच्या दहा मुलांची कल्पना करा. पाचांना जनुक मिळेल, पाचांना नाही. मिळालेल्या पाचांत चौघांना बोट दिसेल, एकाला दिसणार नाही, ही पाचांत एकाची माझीच सुरुवातीची अटकळ. म्हणजे बोट नसलेले सहा, त्यातल्या एकाकडे जनुक लपलेलं. तुमच्या नवऱ्याची शक्यता सहांत एक. मुलीकडे जाण्याची त्याच्या निम्मी, बारांत एक, आणि तिचे हातपाय साफ आहेत म्हणजे त्याहूनही कमी. आत्याचं बोट दुभंगलेलं निघालं तर न उमटण्याचं प्रमाण आणखी उतरेल आणि हा आकडाही.

पेडण्याचो_भुरगो

ताई, शिक्षकांनी गुण दिले का मग?

अबोली_फोंडा

सुधारलेला तक्ता नेऊन दाखवला. म्हणाले, परीक्षेत असा तक्ता आला तर रिसेसिव्हच लिही, गाठीबिठी तिथे कुणी बघत नाही. वहीत मात्र लाल रेघेवर "पाहिले" असं लिहून सही केली. मुलगी आता आत्याला क्षकिरणासाठी पटवायला दिवाळीची वाट बघते आहे.

शेखर_म्हापसा

सिस्टर, भावाला आणि बहिणीला विचारलं. बहीण तयार आहे. भाऊ खुणेने म्हणाला, आधी तू लग्न कर. बघू.